चौथ्या फेरीचं पाणी

राजनंदिनी राऊतला राग आला की ती आदळआपट करत नसे, पट्टी-पेन्सिल घेऊन रेघा मारत बसे. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी रात्री जेवायच्या आधी तिने चार कोरे कागद रेघांनी भरून टाकले, आणि तिच्या आईने, मंदाबाईंनी, न विचारताच ओळखलं की कॉलेजात काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते एका छापील तक्त्यावरून. पालघरच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय रसायनशास्त्र. प्रकल्पाला बारा आठवडे होते आणि रिपोर्ट एकवीस फेब्रुवारीला द्यायचा होता. तो दिला नाही तर सत्र वाया जाणार होतं. बोईसरच्या एका पाणी तपासणाऱ्या लॅबने तिला नोकरीवर घ्यायचं कबूल केलं होतं, पण जूनमध्ये पास झाल्याचा कागद हातात असेल तरच. म्हणजे तिचं सगळं त्या एकवीस तारखेवर येऊन टेकलं होतं.

मार्गदर्शक रूपल मॅडमनी सगळ्या गटांना एकच तक्ता वाटला होता. पहिले दोन आठवडे वाचन, तिसरा तयारी, चौथा ते सहावा माहिती गोळा करणं, मग दोन आठवडे आकडेमोड, मग तीन आठवडे लेखन, आणि बाराव्या आठवड्यात एकदम रिव्ह्यू आणि सबमिशन. नाव-विषय तेवढे भरायचे. राजनंदिनीचा विषय होता समुद्राजवळच्या विहिरींचा खारेपणा. तिने उत्साहाने तीस विहिरी लिहिल्या, दर शनिवारी पाण्याचे नमुने घ्यायचे असं लिहिलं आणि घरी आल्यावर कौतुकाने वडिलांना दाखवलं.

नरहरी राऊतांची चिंचणीला नारळ, चिकू आणि पानवेलीची वाडी. पाणी विहिरीचं. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"शनवारी कशाला?"

"कॉलेजला सुट्टी असते."

"आपली विहीर उधाणाला मचूळ होते, भांगाला निवळते. अमावास्या-पुनवेला दर्याला जोर, ते उधाण; अष्टमीला मऊ, तो भांग. तुझा शनवार कदी उधाणात पडणार, कदी भांगात, कदी मधेच. शनवार काय दर्याला ठाव हाय?"

राजनंदिनीने कागदाची घडी केली. वीस वर्षं ती त्याच विहिरीचं पाणी पीत होती. आज पाण्याला चव आहे, असं आई म्हणायची ते तिने हजारदा ऐकलं होतं. आणि प्रकल्प करायला बसली तेव्हा यातलं काहीएक आठवलं नाही, कारण तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. मग तिने रेघा मारायला घेतल्या.

वडील जाता जाता आणखी एक बोलून गेले. "गेल्या वर्षी तुमच्या कॉलेजची पोरं आली हुती ना, त्यांनीबी असंच केलं. एक बाटली भरली, च्या प्याली नि गेली. परत कोन आलं नाय."

दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयातून गेल्या वर्षीचा तो रिपोर्ट काढला. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. तक्ता तीन, विहीर क्रमांक सात: नरहरी राऊत, चिंचणी. चार शनिवारच्या चार तारखा आणि चार आकडे, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. तिसऱ्या तारखेवर तिची नजर थांबली. त्या शनिवारी त्यांच्या विहिरीत पाणीच नव्हतं. गाळ काढायला पंप लावून विहीर उपसली होती. गडी बुधा खाली उतरला होता आणि वर टोपल्या ओढायला ती स्वतः होती. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता आणि हाताला फोड आले होते, म्हणून तारीख विसरणं शक्य नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आकड्याला विहीर लागत नाही, पाणी लागत नाही, दोरी-बाटलीसुद्धा लागत नाही? शेवटच्या पानावर प्रकल्प डायरीची प्रत लावलेली होती. चार रिव्ह्यू, चार तारखा, चार सह्या. चारही रूपल मॅडमच्या, आणि चारही वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या. ही कॉलेजची जुनी रीत होती, सगळ्यांना माहीत असलेली. शेवटच्या दिवशी मॅडमच्या टेबलावर डायऱ्यांचा ढीग पडायचा, आणि मुलं निळं, काळं, जेल, बॉल अशी चार पेनं सोबत घेऊनच रांगेत उभी राहायची. राजनंदिनीही आतापर्यंत या गोष्टीला हसत आली होती. आज तिला हसू आलं नाही.

तिने नवं वेळापत्रक केलं. कॅलेंडर पुढ्यात घेऊन आधी तिथी लिहिल्या, मग बाकीचं. तीसच्या बारा विहिरी झाल्या: सहा चिंचणीच्या, चार पाम गावाच्या, दोन बेटेगावच्या. चार फेऱ्या, दोन उधाणाच्या, दोन भांगाच्या. म्हणजे अठ्ठेचाळीस बाटल्या. प्रत्येक बाटलीचं मोजमाप तीनदा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. लॅब प्रकल्पवाल्यांना मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी अडीच-अडीच तास मिळायची, आणि एका मोजमापाला सात-आठ मिनिटं लागायची. म्हणजे एका फेरीला दोन्ही दुपारी पुरत्या जाणार. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा आठवडा फेऱ्यांचा. सातवा राखीव. लेखन नवव्या आठवड्यावर न टाकता तिसऱ्यापासूनच: विहिरींची माहिती आणि पद्धत ही प्रकरणं फेऱ्या चालू असतानाच लिहायची, आठव्यात तक्ते आणि निष्कर्ष, दहाव्याच्या सोमवारी पूर्ण मसुदा, अकरावा दुरुस्तीला, बारावा बाइंडिंगला. आणि चार रिव्ह्यू: दुसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि दहाव्या आठवड्यात.

रूपल मॅडमनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"छापील तक्ता दिला होता ना?"

"तो खोटा आहे, मॅडम."

स्टाफरूममधल्या दोघातिघांनी माना वर केल्या. राजनंदिनीने रिपोर्ट उघडून विहीर क्रमांक सात दाखवली, ती तारीख दाखवली, विहीर उपसल्याचं सांगितलं. आवाज चढत गेला तो तिलाही कळला, पण थांबवावा असं वाटलं नाही. "तीन आठवड्यांत हे काम होत नाही म्हणून त्यांनी घरी बसून आकडे लिहिले. आणि तुम्ही सही केलीत. चार पेनांनी."

रूपल मॅडम चिडल्या, पण ओरडल्या नाहीत. खालच्या आवाजात बोलल्या ते जास्त लागलं. "माझ्याकडे सोळा गट आहेत. मी इथे तासिका तत्त्वावर आहे. शिकवलेल्या तासाचं मानधन मिळतं, रिपोर्ट वाचायचं नाही. तू चार रिव्ह्यू लिहिलेस. सोळा गटांचे किती झाले?"

"चौसष्ट."

"आणि प्रत्येकापुढे काय लिहिलंयस? 'मॅडमचा रिव्ह्यू, एक दिवस.' पन्नास पानं एका दिवसात? तुला समुद्राची तिथी कळली, माझी नाही कळली. मला तू खोटं म्हणतेस, तर हे काय आहे?"

राजनंदिनी वेळापत्रक उचलून निघाली, आणि जिन्यावर बसून तिथेच खोडाखोड केली. एका रिव्ह्यूला पाच पानं, जास्त नाही. पानं सोमवारी द्यायची, बुधवारी दीड वाजता वीस मिनिटं बसायचं, शंका आपण लिहून न्यायच्या. पूर्ण मसुदा मात्र एकदाच, आणि त्याला मॅडमना सोमवार ते शनिवार पूर्ण आठवडा. ती परत वर गेली.

मॅडमनी रकान्यांवरून बोट फिरवलं. "वीस मिनिटं. एकविसाव्याला मी उठणार."

"हो."

त्यांनी सही केली, एकाच पेनाने. राजनंदिनी बाहेर आली ती छाती फुगवून. आपण कॉलेजला सरळ केलं असं तिला वाटत होतं.

आता मनीषबद्दल सांगायला हवं. तो तिचा जोडीदार, प्रकल्प दोघांचा. वडील जळगावकडून वीजकेंद्रात कंत्राटी कामाला आलेले, घर बोईसरला. मनीष स्वतः बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. आठवड्याला पाळी बदलायची. सकाळची सात ते तीन, दुपारची तीन ते अकरा, मग रात्रीची. त्यातून वेळ काढून तो कॉलेज करायचा. पाम आणि बेटेगाव त्याला जवळ, म्हणून त्या सहा विहिरी त्याच्याकडे. वेळापत्रक तयार झाल्यावर राजनंदिनीने त्याला फोटो पाठवला होता. त्याने उत्तरात अंगठा पाठवला. बोलणी म्हणतात ती एवढीच झाली.

पहिल्या तीन फेऱ्या छान झाल्या. उधाणाची भरती दुपारच्या सुमाराला यायची, भांगाची सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आणि बाटल्या भरतीच्याच वेळी भरायच्या. मनीष कधी पाळीआधी, कधी पाळीनंतर सायकल हाणत भरून आणायचा. लॅबमध्ये ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब पडायचा, पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं, आकडा लिहायचा. वडिलांच्या विहिरीचा आकडा उधाणाला चढला, भांगाला उतरला. राजनंदिनीने घरी सांगितलं तेव्हा नरहरींनी फक्त मान हलवली. त्यांना त्यात नवल नव्हतं. पाचव्या आठवड्यात मॅडम वीस मिनिटं म्हणून बसल्या आणि पस्तीस मिनिटांनी उठल्या.

सहाव्या आठवड्यात चौथी फेरी, भांगाची, शनिवारी दहा जानेवारीला. पुढच्या मंगळवारी लॅबमध्ये राजनंदिनीने स्वतःच्या सहा बाटल्या पूर्ण केल्या. गुरुवारी मनीषच्या घेतल्या. पाम एक: ब्युरेटवर दोन पूर्णांक एक. पाम दोन: दोन पूर्णांक एक. पाम तीन: दोन. पाम चार: दोन पूर्णांक एक. तिने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. पाम दोनची विहीर आधीच्या तिन्ही फेऱ्यांत पामच्या इतर विहिरींपेक्षा दुपटीने खारट आली होती. बेटेगाव एक: दोन पूर्णांक एक. बेटेगाव दोन: दोन.

तिने ब्युरेट बंद केला. मनीष खिडकीशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच बाहेर पाहिलं, तेवढं पुरेसं होतं.

"हे सगळं एका विहिरीचं पाणी आहे."

त्याने खिडकीचं दार ओढून घेतलं.

"कुठली विहीर?"

"बेटेगावची. घराजवळची." त्याने हात खिशात घातले. "शनिवारी डबल पाळी होती. सकाळी सात ते रात्री अकरा. सुटल्यावर पामला कुठे जाऊ? सहाही तिथेच भरल्या."

राजनंदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जे बोलली ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. गेल्या वर्षीच्यांनी निदान बाटल्यांचं सोंग तरी आणलं नाही, म्हणाली. मी मॅडमच्या तोंडावर खोटं म्हणून आले आणि तू माझ्याच टेबलावर खोटं पाणी ठेवलंस, म्हणाली. नोकरी तुझी नाही जात, माझी जाते, म्हणाली. लॅबचे मदतनीस रामनाथकाका दारात येऊन उभे राहिले, आणि परत गेले.

मनीषने सगळं ऐकून घेतलं. मग फोन काढला, काहीतरी शोधलं आणि तिच्यासमोर धरला. गुरुवारी आठ तारखेला त्याने लिहिलं होतं: शनिवारी डबल लागली आहे, नाही म्हटलं तर काढून टाकतील, रविवारी सुट्टी आहे, रविवारी पहाटे भरून आणू का? खाली तिचं उत्तर: नाही. शनिवार म्हणजे शनिवार. कसंही कर.

"कसंही केलं," मनीष म्हणाला. फोन खिशात टाकून तो पाळीला निघून गेला.

ती घरी आली ती फणफणतच. वडील वाडीत पानवेलीला पाणी सोडत होते. तिने विचारलं, भांग किती दिवस राहतो.

"दोन-तीन दिस तरी ऱ्हातो. का गं?"

"रविवारी चाललं असतं?"

"चाललं असतं म्हंजे? अष्टमीपरीस नवमी-दशमीला दर्या आणखी मऊ असतो."

तिला काय वाटलं ते सांगणं सोपं आहे: तिला स्वतःचा भयंकर राग आला. हा राग वाईट, कारण त्याला धरून भांडायला समोर कुणी नसतं. छापील तक्त्यातल्या शनिवारावर ती तावातावाने बोलली होती, आणि स्वतःच्या तक्त्यात आणखी एक शनिवार खिळ्याने ठोकून बसली होती. वेळापत्रकात तिथी होत्या, लॅबच्या दुपारी होत्या, मॅडमची वीस मिनिटं होती. मनीषच्या पाळीला एकही रकाना नव्हता. आई जेवायला हाक मारत होती. ती गेली नाही.

राखीव आठवडा सातवा होता, आणि तोही बिनकामाचा ठरला. त्या आठवड्यात अमावास्या होती, म्हणजे उधाण. भांगाचं पाणी उधाणात मिळत नाही. पुढचा भांग सव्वीस जानेवारीला, नवव्या आठवड्यात. नमुने तेव्हा घ्यायचे, लॅब त्याच मंगळवारी-गुरुवारी, आणि पुढच्या सोमवारी पूर्ण मसुदा मॅडमच्या हातात. मध्ये तीन दिवस. एक जरी गोष्ट चुकली, लॅब बंद राहिली किंवा मनीषला परत डबल लागली, तर मसुदा जायचा अकराव्या आठवड्यात, आणि मॅडमचा वाचायचा आठवडा, दुरुस्तीचा आठवडा, बाइंडिंग, सगळं एकमेकांवर आदळणार होतं. दुसरा मार्ग अगदी सोपा होता. सहा आकडे. दुसऱ्या फेरीचे घ्यायचे, थोडे इकडेतिकडे करायचे. पाच मिनिटांचं काम.

आठव्या आठवड्याच्या बुधवारी ती मॅडमसमोर बसली आणि आधी हेच सांगितलं. रूपल मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"मग आता?"

"सव्वीसला परत घेणार. रिपोर्टमध्ये तसं लिहिणार."

"काय लिहिणार?"

"की दहा तारखेचे सहा नमुने चुकीचे होते म्हणून टाकून दिले."

"बाहेरचे परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील. नियोजनाला दहा गुण आहेत, ते जातील." मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. "गेल्या वर्षीच्या मुलांना मी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. तुला विचारतेय. सहा आकड्यांसाठी एकवीस तारीख धोक्यात घालणार आहेस?"

"हो."

"कर." वीस मिनिटं तशीही संपली होती.

सव्वीस जानेवारीला कारखान्याला सुट्टी होती, तरी या वेळी तिने मनीषला आधी विचारलं आणि मग तारीख लिहिली. पहाटेच ती बोईसरला उतरली. दोघं सायकलवरून पामला गेले तेव्हा शाळेत झेंड्याची तयारी चालली होती. पाम दोनच्या विहिरीवर रंभाबाई नावाची म्हातारी भांडी घासत होती. तिने विचारलं, "मागल्या टायमाला का नाय आला रे पोरा? मी वाट बघत बसली व्हती, दोरी काढून."

मनीषने मान खाली घालून दोरी सोडली. राजनंदिनीने बाटली दोनदा विसळून तिसऱ्यांदा भरली, चिठ्ठीवर वेळ लिहिली. दिवसभर दोघं कामापुरतंच बोलले. मंगळवारी आणि गुरुवारी आकडे आले, पाम दोन पुन्हा बाकीच्यांच्या दुप्पट, पण उधाणापेक्षा कमी. तीन दिवस ती सलग लिहीत बसली, आणि सोमवारी सकाळी पन्नास पानं मॅडमच्या टेबलावर ठेवली.

शनिवारी मसुदा परत आला. लाल शाई बऱ्याच ठिकाणी होती: एकक राहिलंय, आकृतीला क्रमांक नाही, हे वाक्य कुठून घेतलं. मॅडमनी खरोखर सगळं वाचलं होतं. पद्धतीच्या प्रकरणात राजनंदिनीने इंग्रजीत एक वाक्य लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा: सहकाऱ्याने चौथ्या फेरीचे सहा नमुने ठरलेल्या विहिरींतून न घेतल्यामुळे ते रद्द करण्यात आले. त्याखाली लाल रेघ होती, आणि समासात मराठीत तीनच शब्द: का घेतले नाहीत?

स्टाफरूमच्या दारातच तिचं डोकं परत तापलं. का घेतले नाहीत म्हणजे? त्याला विचारा ना. ती आत शिरली, तोंड उघडलं, आणि मॅडमनी वर न बघता म्हटलं, "मी चुकीच्या वाक्याखाली रेघ मारलेली नाही. अर्ध्या वाक्याखाली मारली आहे."

ती तशीच मागे फिरली. रागाने कान गरम झाले होते, आणि राग मॅडमचा नाही हे तिला कळत होतं, म्हणून तो आणखी वाढत होता. अकराव्या आठवड्यात बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या दोन दिवसांत झाल्या. त्या एका वाक्याला चार दिवस लागले.

सबमिशनच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, पालघरच्या स्टेशनजवळ बाइंडिंगच्या दुकानात गर्दी होती. सोळा गटांपैकी निम्मे तिथेच उभे होते, आणि त्यातले तिघे आपसात पेनं वाटून घेत होते. राजनंदिनीने प्रिंट मनीषच्या हातात दिली. प्रमाणपत्राच्या पानावर दोघांच्या सह्या लागत होत्या.

त्याने सही करायच्या आधी पानं चाळली, पद्धतीच्या प्रकरणाशी थांबला आणि सावकाश वाचलं. तिथे आता लिहिलं होतं की, दहा जानेवारीचे सहा नमुने रद्द केले. सहकाऱ्याने त्या दिवशी पाळी असल्याचं दोन दिवस आधी कळवून दुसऱ्या दिवशी नमुने घेण्याची तयारी दाखवली होती. शास्त्रीयदृष्ट्या तो दिवस योग्य होता. वेळापत्रक राजनंदिनी राऊत हिने त्याला न विचारता केलं होतं, आणि तिने नकार दिला.

"हे कशाला घातलंस? माझ्यावरच राहू द्यायचं होतं." त्याने त्या ओळींवर बोट ठेवलं. "बाटल्या मीच भरल्या ना. आणि बोईसरच्या लॅबवाल्यांनी हे वाचलं तर तुझी नोकरी?"

"वाचतील तर वाचतील."

"राग गेला का तुझा?"

"नाही," ती म्हणाली. "तू सहा बाटल्या एका विहिरीवर भरल्यास, त्याचा आहे अजून. बराच आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, आटपा, मागे लाइन आहे. मनीषने पान उलटलं, तिच्या सहीशेजारी सही केली आणि पानं सरळ करून दुकानदाराच्या हातात दिली.